क्यूआरवर पैसे आले, साइटला कळलंच नाही: तुमचे अनुभव सांगा

राजारामपुरी, धागा काढणारा: चप्पल लाइनमधल्या एका दुकानाची साइट मी सांभाळतो. परवा गिऱ्हाइकाने १,८५० रुपये भरले, त्यांच्या खात्यातून गेले, गेटवेच्या डॅशबोर्डवर ‘paid’ दिसलं. आमच्या पानावर मात्र ‘वाट पाहत आहोत’, आणि पाच मिनिटांनी ऑर्डर रद्द.

पान दर तीन सेकंदांनी आमच्या सर्व्हरला विचारतं, आणि सर्व्हरला कळतं गेटवेच्या कॉलबॅकवरून. लॉग उघडला तर कॉलबॅक वेळेत आलेला. ‘सही जुळत नाही’ म्हणून आमच्याच सर्व्हरने 400 देऊन परत लावलेला. गेटवेने पुन्हा पुन्हा पाठवला, दरवेळी तेच.

अडकलेल्या ऑर्डरी शेजारी मांडल्यावर दिसलं, की सगळ्यांत मालाचं नाव मराठीत होतं, ‘कापशी’. गेटवे ‘क’ला `\u0915` असं लिहून पाठवतो. आम्ही JSON उघडून पुन्हा बांधायचो, त्यात सरळ ‘क’ यायचा, आणि त्यावर काढलेली सही वेगळी निघायची. आता आलेला मजकूर जसाच्या तसा घेऊन आधी सही तपासतो, मग उघडतो.

शाहूपुरी, मसाला विक्री: दादा, कॉलबॅकची भानगडच नको. आम्ही गेटवेलाच दर सेकंदाला विचारतो. दिवाळीत मात्र 429 यायला लागले, तेव्हा पाच सेकंदांवर नेलं.

लक्ष्मीपुरी, किराणा: आमच्या काउंटरवरचा साउंडबॉक्स बोलतो की पैसे आले. तोच साइटला जोडता येत नाही का? सध्या गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट टाकतं.

उद्यमनगर, पंधरा वर्षं याच कामात: काका, काउंटरवरचा छापील क्यूआर सगळ्यांना एकच असतो. दोघांनी ५०० भरले तर कुणाचे कुठल्या ऑर्डरचे, हे साइटला कसं कळणार? ऑर्डरगणिक वेगळा क्यूआर काढा, त्यात `tr` मध्ये ऑर्डरची खूण जाते. स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, तो कुणीही बनवतो.

मसालावाल्या ताई, गिऱ्हाइकाने पान बंद केलं की तुमचं विचारणंही थांबतं का? थांबत असेल तर कॉलबॅक हवाच. दुसरं, मोबाइलवर गिऱ्हाईक यूपीआय अॅपमध्ये गेलं की मागचं पान झोपतं, टायमर रेंगाळतो. परत आल्याबरोबर विचारा:

```
document.addEventListener("visibilitychange", () => {
  if (!document.hidden) checkStatus();
});
```

आणि ऑर्डर रद्द करण्याआधी सर्व्हरवरून गेटवेला एकदा स्थिती विचाराच. तोच कॉलबॅक दोनदाही येतो. पेमेंट आयडी आधी नोंदलेला असेल तर नुसता 200 द्या, माल दुसऱ्यांदा काढू नका.

शाहूपुरी, मसाला विक्री: हो, पान बंद केलं की थांबतंच. म्हणूनच गेल्या महिन्यात दोन ऑर्डरी हातानं जुळवाव्या लागल्या.

राजारामपुरी, धागा काढणारा: रद्द करण्याआधी विचारणं आजच टाकतो. पण रद्द केल्यावर दोन मिनिटांनी पैसे आले आणि तो जोड तोवर दुसऱ्याला गेला, तर? मालक म्हणतात नवा जोड करून देऊ, मला वाटतं लगेच परत पाठवावेत. तुम्ही काय करता?