मदत हवी आहे: पत्र्याच्या खेळण्यातील मोटारीचा काळ व प्रकार

नमस्कार. नाशिकला पंचवटीतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक सुटी मोटार सापडली असून तिचे खोके नाही. वरून, खालून आणि आतून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

लांबी सुमारे 11 सेंमी आहे. खिडक्यांतील माणसे रंगवलेली नसून पत्र्यावरच छापलेली आहेत, आणि वरचा भाग तळाशी स्क्रूने नव्हे, तर दुमडलेल्या पत्र्याच्या जिभांनी जोडलेला आहे. किल्लीचे भोक कुठेच नाही. मागची चाके जमिनीवर घासून सोडली की आतले जड चक्र घरघरते, म्हणजे ती चावीची नसून घर्षणावर चालणारी असावी.

तळावर फक्त ‘जपान’ एवढेच इंग्रजीत छापले आहे. 1952 पर्यंतच्या ताबाकाळातील निर्यातीच्या मालावर बहुधा ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहीत, म्हणून मी ती त्यानंतरची धरतो. मात्र नुसते ‘जपान’ युद्धापूर्वीही छापत असल्याने एवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

चाकांची घडण आणि जिभांची ठेवण पाहून ही मोटार युद्धापूर्वीची की पन्नाशीच्या दशकातली, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जिभा उघडल्यास तुटतील, म्हणून आतला फोटो फटीतूनच घेतला आहे.