मदत हवी आहे: 'बँकेसमोर' टाकलं की भलतंच दुकान वर येतंय

मिक्सरवाला: राम राम मंडळी. राजारामपुरीत बाबांच्या काळापासून आमचं मिक्सर-गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक मॅपवर 'मिक्सर रिपेअर बँकेसमोर राजारामपुरी' टाकतंय आणि पहिलं येतंय दुसऱ्याचंच दुकान. काल एक काकू मिक्सर घेऊन तिथंच उतरल्या आणि मला फोनवर झापलं. दुकानात बसून 'near me' टाकलं तर सांगलीची दुकानं येतात. हे कसं दुरुस्त करायचं? जरा लवकर सांगा.

शाहूपुरीकर: जाहिरात द्या. पैसे भरणारा वर, सोपा हिशोब.

नकाशेवाली: जाहिरात असली तर नावापाशी तसं लिहिलेलं असतं. तिथं तसं काही आहे का? आणि कुठली बँक? शोध फोनवर घेतला की कॉम्प्युटरवर?

मिक्सरवाला: जाहिरात नाही. बँक म्हणजे आपली नेहमीची, सगळ्यांना माहीत आहे. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघतो.

नकाशेवाली: मग सांगलीचं कोडं सुटलं. त्या कॉम्प्युटरला जीपीएस नाही. तो कुठं आहे हे इंटरनेट जोडणीवरून ताडलं जातं, आणि त्यात शेजारचं शहर निघणं नवीन नाही. शोधाच्या पानाच्या तळाशी कुठलं ठिकाण धरलंय ते लिहिलेलं असतं, बघा. गिऱ्हाईक फोनवर असतं, त्याला हा त्रास सहसा नसतो. बँकेचं प्रकरण मात्र वेगळं.

रंकाळ्यावरचा: वेगळं काही नाही. फोनचं लोकेशन चालू करायला सांगा, जवळचं तेच पहिलं येतं.

नकाशेवाली: अर्धं बरोबर. अंतर बघतात, पण शोधाशी दुकान किती जुळतं आणि किती नावाजलेलं आहे हेही बघतात. शंभर रिव्ह्यूवालं दुकान दोन गल्ल्या लांब असूनही वर बसू शकतं. शिवाय इथं गिऱ्हाईकानं राजारामपुरी लिहिलंय, म्हणजे ते कुठं उभं आहे याचं वजन कमी झालं.

पार्सलवाला_भावा: माझं ऐका. पेठेत रोज पत्ता येतो 'तालमीसमोर'. कुठल्या तालमीसमोर? एकदा मॅपनं मला जिमच्या दारात नेलं. आता आधी फोन करतो, मगच गाडी काढतो.

नकाशेवाली: मिक्सरवाले, फोनवर दोन शोध घ्या. एकदा नुसतं 'मिक्सर रिपेअर राजारामपुरी', मग त्यात 'बँकेसमोर' घालून. काय फरक पडतो?

मिक्सरवाला: बँक काढली तर मी दुसरा. बँक घातली की मी खाली, ते दुकान वर.

नकाशेवाली: म्हणजे घोळ त्या एका शब्दात आहे. 'समोर' म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, हे तुम्हाला-मला कळतं. मॅप बहुधा त्याचा अर्थ 'आसपास' एवढाच घेतो, किंवा ज्यांच्या पत्त्यात, रिव्ह्यूत 'बँकेसमोर' लिहिलंय त्यांना वर काढतो. त्या दुकानाच्या पत्त्यात काय आहे? आणि बँकेची पिन कुठं पडते?

मिक्सरवाला: पत्त्यात 'बँकेसमोर'च आहे. पिन ८ व्या गल्लीत.

नकाशेवाली: आणि तुमचं दुकान?

मिक्सरवाला: ५ वी गल्ली. बँक तिकडं हलली की दोन वर्षांपूर्वी! पण सगळे अजून आम्हाला बँकेसमोरचंच दुकान म्हणतात.

पार्सलवाला_भावा: हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं राव 😂

रंकाळ्यावरचा: म्हणजे मॅप बरोबर, अख्खी राजारामपुरी चूक!

नकाशेवाली: मॅपच्या दृष्टीनं ते दुकान खरंच बँकेसमोर आहे. तुमची बँक लोकांच्या तोंडात उरलीय. आता पिन दुकानाच्या दारावर आहे का ते बघा, पत्त्यात गल्ली आणि प्लॉट नंबर घाला. 'जुन्या बँकेसमोर' हे वर्णनात लिहा, माणसाला वाचायला. त्यानं नंबर वर जाईल अशी आशा धरू नका.

शाहूपुरीकर: सरळ दुकानाच्या नावातच 'बँकेसमोर' घाला. माझ्या मेव्हण्यानं घातलंय, जोरात चाललंय.

नकाशेवाली: पाटीवर नसलेलं नाव तिथं लिहिणं नियमात बसत नाही. कुणी तक्रार केली तर नोंदच बंद होऊ शकते, मग गिझरच्या दिवसांत दारात माशा मारत बसायचं.

मिक्सरवाला: पाटीवर आहे की! बाबांनी रंगवून घेतलंय, 'बँकेसमोर, राजारामपुरी'.

नकाशेवाली: नावाच्या ओळीत की खाली पत्त्यात?

मिक्सरवाला: खाली. जरा बारीक.

नकाशेवाली: मग तो पत्ता झाला. आणि तोही जुना. फोनवर विचारणाऱ्याला 'बँकेसमोर' सांगायचं बंद करा, पिनची लिंक पाठवा.

मिक्सरवाला: लिंक काकूंना उघडत नाही. त्यांना काय सांगू? ५ वी गल्ली म्हटलं की विचारतात, 'म्हणजे बँकेसमोरच ना?'

गृहिणी_मंगळवारपेठ: मिक्सरचं भांडं खालून गळतंय, तुमच्याकडं होईल का? आणि ८ व्या गल्लीतला किती घेतो?