नफा 14 लाख, सीसीत उरले 40 हजार: मग हिशेब कोणता खरा मानायचा?

शिरोली_व्हीएमसी (धागाकर्ता)
शिरोली एमआयडीसीत माझं दोन व्हीएमसींचं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग विकत घेतो, मशीनिंग करून पंपवाल्यांना आणि ट्रॅक्टरच्या पार्टवाल्यांना देतो. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर. मार्च 2026 अखेर जीएसटी सोडून विक्री 1 कोटी 20 लाख, नफा-तोटा पत्रकात नफा 14 लाख. आणि बँकेच्या 18 लाखांच्या सीसीत, म्हणजे कॅश क्रेडिटच्या मर्यादेत, उचलायला उरलेत 40 हजार. वर कर म्हणून साधारण 94 हजार भरायचे आहेत. जो पैसा हातात आलाच नाही तो नफा कसा? रोख पद्धतीवर जावं का?

यार्डातला_गूळ
जावं. आमची अडत तीन पिढ्यांची, शाहू मार्केट यार्डात. संध्याकाळी रोजमेळ लागला, गल्ला आणि वही जुळली की दिवस मिटला. बिल फाडलं म्हणजे पैसा मिळाला असं धरणं मला कधीच पटलं नाही. कामगाराला शनिवारी पगार पत्रकातल्या नफ्यातून देता येत नाही. जे आलं ते आलं, जे गेलं ते गेलं, एवढंच खरं.

राजारामपुरीकर
रोखीच्या भानगडीत पडू नका हो. एका माणसाला एका दिवशी 10 हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. आमच्या मेहुण्याचा असाच मोठा खर्च उडाला होता.

शिरोली_व्हीएमसी
दादा, माझे सगळे व्यवहार बँकेतूनच आहेत. रोख पद्धत म्हणजे नोटांत धंदा नव्हे. पैसे ज्या दिवशी खात्यात येतील त्या दिवशी विक्री धरायची, एवढंच मी विचारतोय.

खतावणी
उद्यमनगरात 31 वर्षं कारखान्यांचे हिशेब लिहिले, म्हणून सांगतो: कोणती पद्धत खरी हे नंतर बघू, आधी पैसा गेला कुठं ते शोधा. मागच्या मार्चचे आणि या मार्चचे पाच आकडे द्या. येणी, माल शिल्लक, पुरवठादारांची देणी, मशीनच्या कर्जाची फेडलेली मुद्दल, आणि घरासाठी काढलेली रक्कम. घसाराही सांगा.

शिरोली_व्हीएमसी
येणी 14 लाखांवरून 32 लाख. माल 5 वरून 9. देणी 6 वरून 10. मुद्दल वर्षात 3 लाख 60 हजार गेली, व्याज वेगळं, ते खर्चात आलंय. घरी महिना 50 हजार. घसारा 3 लाख. सीसीतून उचललेले मागच्या मार्चला 7 लाख होते, आता 17 लाख 60 हजार.

खतावणी
मग बघा, पै न् पै जुळते.

नफा 14 लाख. त्यात घसारा 3 लाख वजा करून आलाय, पण घसाऱ्याचे पैसे कुणाला दिलेले नाहीत, म्हणून तो परत मिळवा. झाले 17 लाख. येणी 18 लाखांनी वाढली, म्हणजे तेवढा पैसा गिऱ्हाइकांकडे अडकला. इथंच हातातले 17 संपून उणे 1 लाख झालं. रॅकवर 4 लाखांचा माल वाढला, उणे 5. फाउंड्रीवाल्यांनी 4 लाख जादा उधार ठेवले, म्हणून पुन्हा उणे 1 वर आलो. म्हणजे वर्षभर दोन्ही मशीन चालवून धंद्यातून हातात काहीच पडलं नाही, उलट लाखभर गेले. वर मुद्दल 3 लाख 60 हजार आणि घरखर्च 6 लाख. एकूण कमी पडले 10 लाख 60 हजार. तुमची सीसी नेमकी तेवढीच वाढली आहे.

म्हणून 14 लाखांचा आकडा खोटा नाही. तुम्ही वर्षभरात काय कमावलं, एवढंच तो सांगतो. ते वसूल झालं का, हे त्यात बघायचंच नसतं. त्यासाठी येण्यांचे दिवस काढा. जीएसटी धरून विक्री 1 कोटी 41 लाख 60 हजार होते. तिच्या मानाने 32 लाख म्हणजे 82 दिवसांची उधारी. मागच्या वर्षीची विक्री किती होती?

शिरोली_व्हीएमसी
जीएसटी सोडून 1 कोटी.

खतावणी
म्हणजे तेव्हा 43 दिवस होते. विक्री एक पंचमांशाने वाढली आणि उधारी जवळजवळ दुप्पट दिवसांची झाली. नवीन गिऱ्हाईक धरलंत का?

यार्डातला_गूळ
मग मी वेगळं काय म्हणालो? रोजमेळ बघत असते तर जूनमध्येच कळलं असतं. वर्षाअखेरीला नफा वाचून माणूस गाफील राहतो.

खतावणी
रोजमेळ रोज बघावा, याला माझी ना नाही. पण एक विचारतो. गुजरातच्या व्यापाऱ्याला गुळाचे रवे रवाना झाले की त्याच्या नावे रक्कम मांडता की नाही? पैसे महिन्याने येणार असले तरी?

यार्डातला_गूळ
नावे तर मांडणारच. नाहीतर कोणाकडून किती यायचं हे लक्षात कसं राहणार?

खतावणी
पैसे येण्याची वाट न बघता माल गेला की विक्री धरायची, ती अ‍ॅक्रुअल पद्धत. ते नावे मांडणं हीच तिची पहिली पायरी. तुमच्या घरात तीन पिढ्या रोजमेळाच्या शेजारी खतावणी ठेवली जाते. एक वही पैसा सांगते, दुसरी हक्क सांगते. धागाकर्त्याने हक्काची एकटी वाचली, आणि तुम्ही त्याला पैशाची एकटी वाचायला सांगताय.

सीए_इंटर
सर, पण कराच्या दृष्टीने रोख पद्धत फायद्याचीच ना? धंदा एकट्याच्या नावावर असेल तर आयकरात दोन्ही पद्धती चालतात. कंपनी असती तर 2013च्या कंपनी कायद्याने अ‍ॅक्रुअल सक्तीची. इथं उणे 1 लाखातून घसारा 3 लाख वजा केला की 4 लाख तोटा येतो. कर शून्य. आणि उलाढाल 2 कोटींच्या आत आहे, तर अंदाजित पद्धतीने बँकेतल्या उलाढालीवर 6 टक्के दाखवले तरी 7 लाख 20 हजारच होतात.

खतावणी
अर्धं बरोबर. तो 4 लाख तोटा तेव्हा खरा, जेव्हा तुम्ही पहिल्यापासून रोख पद्धतीवर असता. मागच्या मार्चची 14 लाखांची येणी मागच्या वर्षीच नफ्यात धरून कर भरलाय. ती यंदा वसूल झाली म्हणून पुन्हा धरायची का? पद्धत बदलली की असे सांधे तपासावे लागतात. शिवाय पद्धत दरवर्षी सोयीप्रमाणे बदलता येत नाही, जी घेतली ती नियमित ठेवावी लागते. आणि हे 32 लाख कधी तरी येतीलच. रोख पद्धतीत ते आले त्या वर्षी कर लागेल. कर पुढे ढकलला जातो, माफ होत नाही.

6 टक्क्यांचं म्हणाल तर कायद्यात ‘किंवा मिळवला म्हणून दाखवलेली त्याहून जास्त रक्कम’ असंही आहे. 14 लाखांचं पत्रक बँकेला देऊन सीसी घ्यायची आणि आयकराला 7 लाख सांगायचे, याला मी कधी हात लावला नाही.

मुख्य म्हणजे मुद्दल आणि घरखर्च कोणत्याच पद्धतीत खर्च नाही. हे 9 लाख 60 हजार रोख पद्धतीवर गेल्यानेही सापडणार नाहीत.

सीए_इंटर
जीएसटीचं राहिलं. रोख पद्धत घेतली तरी जीएसटी बिलावरच लागणार. मार्चच्या बिलाचा 20 एप्रिलला भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. 18 टक्क्यांनी 32 लाखांच्या येण्यांत 4 लाख 88 हजार जीएसटीच आहे. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट वजा जाता उरलेला यांनी खिशातून भरलाय.

सुभाषनगर_चप्पल
माझी गोष्ट नेमकी उलट, म्हणून सांगते. आम्ही घरी कोल्हापुरी चपला करतो. मागच्या फेब्रुवारीत बाहेरच्या एका दुकानदाराने 3 लाख आगाऊ पाठवले. खातं भरलेलं बघून मी घरात नवीन शिलाई मशीन आणि मुलीची फी दोन्ही उरकलं. एप्रिलमध्ये चामडं आणायला पैसे नाहीत. मालाचा एक जोडही गेला नव्हता, म्हणजे तो पैसा माझा नव्हता, त्याच्या जोडांचं माझ्यावरचं देणं होतं. चामडं शेवटी उधारीवर आणलं आणि माल महिनाभर उशिरा दिला. गूळवाले दादा म्हणतात जे आलं ते आलं. आलं ते खरं, पण आपलं झालं का ते वेगळं.

यार्डातला_गूळ
ताई, हे मान्य. आगाऊ रकमेला आम्हीसुद्धा जमा धरून हात लावत नाही.

शिरोली_व्हीएमसी
आज दुपारी सगळी येणी तारखेप्रमाणे लावली. खतावणी साहेब, तुमचा अंदाज बरोबर. जुलैत नवीन गिऱ्हाईक घेतलं होतं, 32 पैकी 15 लाख त्याच्याकडेच आहेत. त्यातले साडेसहा लाख सहा महिन्यांच्या वरचे. आणि अडीच लाखांवर त्यांनी डेबिट नोट लावली आहे. मशीनिंगनंतर ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या आतली भोकं, दिसले म्हणून माल रिजेक्ट. ती नोट मी फाइलला लावून ठेवली होती, हिशेबनीसाला दिलीच नाही.

खतावणी
मग माझं वरचं एक वाक्य मागे घेतो. 14 लाखांचा आकडा खोटा नाही म्हणालो होतो, पण ते अडीच लाख मिळणार असतील तरच. रिजेक्शन खरं असेल तर ती विक्री झालीच नाही, तिचं क्रेडिट नोट काढावं लागेल आणि अडीच लाखांतला जीएसटी सोडून नफा 11 लाख 88 हजारांच्या आसपास येईल, कास्टिंगची बदली किती मिळते त्यावर. जीएसटीत त्या वर्षाच्या बिलाचं क्रेडिट नोट 30 नोव्हेंबरपर्यंत दाखवता येतं, त्याआधी वार्षिक विवरण भरलंत तर तेव्हापर्यंतच. म्हणून आधी हा वाद मिटवा.

अ‍ॅक्रुअलमध्ये खरी चूक इथं होते. माल गेला, बिल निघालं, पण हक्क पक्का झाला नाही. पत्रकावरून हे दिसत नाही, तारखेप्रमाणे लावलेल्या येण्यांतच दिसतं. जुनी रक्कम एकाच नावावर साचत असेल तर त्या नावामागे बहुतेक वेळा डेबिट नोट निघते.

फाउंड्री_गोकुळशिरगाव
फाउंड्रीची बाजू मांडतो. ब्लोहोल आमच्या कास्टिंगचा असेल तर आम्ही बदली कास्टिंग देतो, ही इथली रीत. पण मशीनिंगचा खर्च आम्ही का द्यावा? आणि त्यांची 10 लाखांची देणी आमच्यासारख्यांकडचीच आहेत. आम्ही सरकारच्या उद्यम नोंदणीत लघुउद्योग म्हणून नोंदलेलो. आमचे पैसे लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत द्यायचे, नसेल तर 15. त्याच्या पुढचं 31 मार्चला थकलेलं असेल तर आयकराच्या 43बी(एच) कलमाप्रमाणे त्यांना तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. म्हणजे त्यांचा करपात्र नफा 14च्याही वर जाऊ शकतो.

शिरोली_व्हीएमसी
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. 10 लाखांपैकी साधारण 3 लाख रुपये 45 दिवसांच्या पलीकडचे असतील. मशीनिंगच्या खर्चाचं मात्र मला पटत नाही. भोक आत होतं, टूल लावल्याशिवाय ते दिसणार कसं?

खतावणी
ते तुम्ही दोघं समोरासमोर बसून ठरवा, हिशेबाने ते ठरत नाही. त्या गिऱ्हाइकाला मात्र पत्र लिहा की बिलाला 180 दिवस झाले आणि पैसे दिले नाहीत, तर त्यांना घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. वाद नसलेले साडेबारा लाख वेगळे मागा. डेबिट नोटचे अडीच लाख त्यात मिसळू देऊ नका, नाहीतर त्या एका नोटेपायी ते सगळंच रोखून धरतील.

यार्डातला_गूळ
आणि नवीन गिऱ्हाइकाला पुढचा माल जुने पैसे आल्याशिवाय नको. माझं मत अजूनही तेच आहे, आधी रोजमेळ. पण येण्यांची यादी तारखेप्रमाणे लावायचं मी उद्यापासून सुरू करतो. आमच्याकडे ती फक्त नावाप्रमाणे आहे.

शिरोली_व्हीएमसी
पत्र आज पाठवलं. सोमवारी फाउंड्रीत जातोय, रिजेक्ट झालेले चार पीस कापून बरोबर नेतो.