घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं मला कोणी बोलू नये, यात चुकलं काय?

वाघूर पुलापलीकडचा
जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, घर भुसावळला. साडेसातला दारात पाय ठेवला की मुलगी पायाला बिलगते, बायको म्हणते पाण्याची मोटर जळाली, आई विचारते गोळ्या आणल्या का. हे सगळं बूट काढायच्या आत. परवा मुलीचा हात झटकला. ती रडली नाही, नुसती बाजूला झाली. बायको म्हणते, 'तुम्ही घरात येता, पण आमच्याजवळ येत नाही.' माझं म्हणणं, पंधरा मिनिटं गप्प बसू द्या, मग मी तुमचाच. डोकं तापलेलं असताना हसून बोलायचं नाटक मला जमत नाही. तुमचं मत सांगा.

रावेरचा केळीवाला
तुमचं शंभर टक्के बरोबर आहे भाऊ. आमचे नाना मळ्यातून यायचे, ओट्यावर बसायचे. आई पाण्याचा तांब्या ठेवून आत जायची. चहा पोटात जाईपर्यंत घरात कोणी हूं का चूं करत नव्हतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. अशा उन्हातून आलेल्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करणंच चूक.

धुळ्याची समुपदेशक
केळीवाले भाऊ, शांतता लागते हे अगदी खरं. रेना रेपेटी यांनी अमेरिकेत विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरांचा अभ्यास केला होता, १९८९ साली प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी कामाचा ताण जास्त, त्या संध्याकाळी ती माणसं घरात गप्प आणि अलिप्त असायची. जोडीदाराची साथ असेल तिथे हे गप्प राहणं जास्त दिसलं आणि चिडणं कमी. म्हणजे थोडं बाजूला बसणं हा काही गुन्हा नव्हे.

पण भाऊ, तुम्ही क्रम उलटा लावलाय. आधी भेट, मग शांतता. भेटीला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. न बोलता आत गेलात तर मुलीला तुमचा थकवा कळत नाही, आपलं काहीतरी चुकलं एवढंच तिला वाटतं.

उद्या असं करून बघा. कारखान्याचे फोन गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून संपवा, कानाला फोन लावून उंबरा ओलांडू नका. डबा-बॅग खाली ठेवा म्हणजे दोन्ही हात मोकळे होतील. मुलीसमोर उकिडवे बसा, नावाने हाक मारा आणि ती सोडेपर्यंत मिठी तुम्ही सोडू नका. लहान मूल थोड्या वेळात आपणच सुटतं. मग आईच्या खांद्यावर हात. मग बायकोकडे बघून सरळ सांगा, 'आज फार दमलोय, हातपाय धुतो, पावणेआठला ओट्यावर येतो, मग मोटरचं सांग.' हसू आलं नाही तरी चालेल. दमलेल्या चेहऱ्याने मारलेली हाकसुद्धा हाकच असते.

आणि पावणेआठ म्हणजे पावणेआठ. पहिल्याच आठवड्यात तीन वेळा मोबाइलमध्ये सव्वाआठ वाजले, की तुमच्या 'नंतर सांग'चा अर्थ घरात 'सांगूच नको' असा होतो.

अमळनेरची बँकवाली
मला यातलं अर्धंच पटलं. मी पावणेसातला बँकेतून येते. पर्स खुंटीला लागायच्या आत कुकर लावते. माझी पंधरा मिनिटं कुठे आहेत? केळीवाल्या भाऊंच्या आईसुद्धा दिवसभर मळ्यातच असतील ना? आल्यावर त्यांच्यासमोर तांब्या कोण ठेवायचं? पुरुषाला शांतता मिळते तेव्हा मुलं, दूध, सासूबाई हे सगळं तेवढा वेळ दुसरं कोणीतरी ओढत असतं.

केळीवाला
ताई, आईसमोर तांब्या कोणी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ठाकुर्लीहून बदलून आलेला
संध्याकाळचं जाऊ द्या, मी रेल्वेत रात्रपाळी करतो आणि सकाळी सातला घरी येतो. तेव्हा पोरगा शाळेला निघालेला. मला गाढ झोप हवी आणि त्याला बुटाची नाडी बांधून हवी. बायको म्हणते, तुम्ही झोपा. पण मी नाडी बांधतो, रिक्षाच्या कोपऱ्यापर्यंत जातो, मग पडदे ओढतो. तुमच्या प्रश्नाला हे लागू पडतं का माहीत नाही, पण न भेटता झोपलो तर दुपारी उठल्यावर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

वाघूर पुलापलीकडचा
चार दिवस करून पाहिलं. सोमवारी जमलं. मुलीने मिठी मारली, मी मनात आकडे मोजले, सात म्हणेपर्यंत ती चित्र दाखवायला पळाली. मंगळवारी बायकोने दारातच मोटरवाल्याचं बिल पुढे केलं आणि माझा आवाज चढला. बुधवारी मी हाक मारली तर मुलगी कार्टूनमधून मानही वळवेना. खरं सांगतो, फार लागलं. आपण एवढं ठरवून यायचं आणि समोर कोणी बघतही नाही. मी सरळ आत जाऊन पडलो.

धुळ्याची समुपदेशक
बुधवारचं मनाला लावून घेऊ नका, हे घरोघरी होतं. लॉस एंजेलिसमधल्या तीस घरांत संशोधकांनी कॅमेरे लावून संध्याकाळी घरी परतण्याची वेळ टिपली होती, दोघंही नोकरी करणारी घरं. ते २००९ मध्ये छापून आलं. मुलं टीव्हीत किंवा खेळात गुंतलेली असली की वडील आल्याकडे बऱ्याचदा त्यांचं लक्षच जायचं नाही. टीव्ही बंद करून 'बाबांना भेट' म्हणू नका, त्याची शिक्षा होते. जाऊन शेजारी टेका, ती बघतेय तेच मिनिटभर बघा, डोक्यावरून हात फिरवा आणि उठा. तुमची भेट झाली.

मंगळवारचं वेगळं आहे. बिल दारात पुढे येतं, कारण तुम्ही नंतर भेटाल याची तिला अजून खात्री नाही. ती एका दिवसात यायची नाही. पण आवाज चढल्यावर नंतर काय केलंत?

वाघूर पुलापलीकडचा
काही नाही. जेवताना मीठ मागितलं.

धुळ्याची समुपदेशक
मग आज जेवणाआधी एवढंच म्हणा, 'मंगळवारी दारात ओरडलो, ते बिलामुळे नव्हतं.' कारखान्याची कहाणी जोडू नका, नाहीतर तीही सफाई वाटेल.

केळीवाला
ताई, दोन दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय. नाना ओट्यावर गप्प बसायचे हे मी लिहिलं, पण त्याआधीचं विसरलो होतो. ते अंगणातूनच 'ओ भो, कुठंय रे?' अशी हाक द्यायचे. उपरण्याच्या गाठीत बोरं नाहीतर कोवळी काकडी असायची. गाठ मला सोडायला लावायचे, घामाने ती इतकी घट्ट झालेली असे की मला दातांनी सोडावी लागे. तोवर ते काही न बोलता माझ्याकडे बघत उभे असायचे. मग ओटा, मग तांब्या. तुम्ही क्रमाचं लिहिलंत तेव्हा ते आठवलं.

तरी माझं एक म्हणणं कायम आहे. ज्याला रोज हे जमत नाही, त्याला घरच्यांनी वाईट ठरवू नये.

अमळनेरची बँकवाली
वाईट कोणी ठरवत नाहीये भाऊ. आमच्याकडे परवापासून एवढं झालंय की जो आधी घरात असेल त्याने दुसऱ्याला पाणी द्यायचं. काल आमचे हे आधी आले होते. त्यांनी माठातलं पाणी दिलं, वर म्हणाले, 'बस पाच मिनिटं, कुकर मी लावतो.' शिट्ट्या जास्त झाल्या, वरण पातळ झालं, पण मी बसले.

वाघूरवाले भाऊ, तुमच्या पावणेआठपर्यंतच्या वेळात बायको काय करते? तिच्या पंधरा मिनिटांचं काही ठरलं का?

वाघूर पुलापलीकडचा
मंगळवारचं काल बोललो. ती 'बरं' म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. तुमचा प्रश्नही तिला विचारला. म्हणाली, 'मी कुठे बाहेरून येते?' त्यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही.