शब्दचर्चा : 'पिंचासो' की 'पिकेते'? रक्त घेताना घाबरलेल्या रुग्णाला स्पॅनिशमध्ये काय सांगावे

रात्रपाळी : मी मूळची सांगलीची असून गेली सहा वर्षे टेक्सासमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. माझ्या विभागातील निम्म्याहून अधिक रुग्ण मेक्सिकोतून आलेले आहेत आणि त्यांतील वयस्कर मंडळी स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा बोलत नाहीत. आजाराचे निदान किंवा संमतीपत्र समजावून सांगायचे असेल तेव्हा दुभाषी बोलावतातच, पण दंडाला पट्टा बांधून सुई हातात घेतल्यावरची चार वाक्ये माझी मलाच बोलावी लागतात आणि तेवढ्यासाठीची भाषा-परीक्षा मी दिलेली आहे. मागच्या आठवड्यात पुएब्ला भागातून आलेल्या सत्तरीच्या एक आजी थरथरत बसल्या होत्या. मी पुस्तकात शिकले होते त्याप्रमाणे 'बोय आ कोखेरले ला बेना', म्हणजे 'मी तुमची शीर पकडते', असे म्हणाले, तर शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीचा चेहरा लाल झाला आणि आजींनी हात मागे घेतला. नंतर 'उन पिंचासो' असे म्हटले, तेही त्यांना फारसे रुचल्यासारखे दिसले नाही. माझे नेमके काय चुकले आणि 'जरासे टोचेल' यासाठी त्यांच्या कानाला ओळखीचा शब्द कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

माद्रिदकर : 'कोखेर' या क्रियापदात गैर काहीच नाही. स्पेनमध्ये बस 'कोखेर' करतात, छत्री 'कोखेर' करतात आणि इथल्या परिचारिका सलाइनची नळी बसवण्यालाही 'कोखेर ऊना बीआ' असेच म्हणतात. मी अकरा वर्षे माद्रिदला राहतो आणि माझ्या स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हे वाक्य मी चारदा ऐकले आहे. 'पिंचासो' हाही इथला रोजचा शब्द आहे. आम्ही त्याचा उच्चार 'पिंचाथो' असा करतो आणि गाडीचे चाक पंक्चर झाले तरी तोच शब्द वापरतो. मेक्सिकोत मात्र 'पिंचे' ही शिवी आहे, त्यामुळे 'पिंचासो' हा शब्दही तिथे अश्लील मानला जात असावा.

स्पॅनिश शिक्षिका : माद्रिदकरांचे स्पेनपुरते म्हणणे बरोबर आहे, परंतु रात्रपाळीताईंच्या रुग्ण स्पेनच्या नाहीत. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात 'कोखेर' या क्रियापदाचा पहिला अर्थ शरीरसंबंधाचा आणि असभ्य आहे. त्या आजींनी नेमके काय ऐकले असेल ते यावरून लक्षात येईल. तिथे 'घेणे' यासाठी 'तोमार' किंवा 'आगार्रार' म्हणतात आणि रक्तासाठी 'साकार सांग्रे', म्हणजे सरळ 'रक्त काढणे', असे म्हणतात. 'पिंचासो' मात्र तिथे अश्लील नाही. तो कळतो, फक्त पुस्तकी आणि परका वाटतो, आणि घाबरलेल्या माणसाला परका शब्द आणखी घाबरवतो. त्यांचा घरचा शब्द 'पिकेते' हा आहे. डास चावला तरी 'पिकेते' आणि सुई टोचली तरी 'पिकेते'. आपण मुलांना 'मुंगी चावल्यासारखे वाटेल' असे सांगतो, ती उपमा त्यांच्याकडे शब्दातच मुरलेली आहे. म्हणून 'बा आ सेन्तिर उन पिकेते', म्हणजे 'तुम्हाला एक टोच जाणवेल', एवढे म्हणावे.

माद्रिदकर : शिवीविषयीचा माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. पण हा 'पिकेते' उचलून कोणी स्पेनमध्ये येऊ नये. इथे तो शब्द ऐकला की संपकऱ्यांची फाटकावर उभी राहिलेली तुकडी डोळ्यांसमोर येते, आणि गोळ्या घालणाऱ्या शिपायांच्या पथकालाही तोच शब्द आहे.

नागपूरकर : माझ्या सासूबाईंना मधुमेहामुळे रोज सुई घ्यावी लागते आणि त्या दर वेळी डोळे घट्ट मिटून घेतात. आम्ही त्यांना 'अजिबात दुखणार नाही' असे सांगतो. स्पॅनिशमध्येही तेच सांगावे, त्यात एवढी चर्चा कशाला, असे मला वाटते. इन्सुलिनच्या सुईला तिकडे काय म्हणतात?

स्पॅनिश शिक्षिका : काका, सुईला 'आगुखा' म्हणतात आणि इंजेक्शन देण्यासाठी 'पोनेर', म्हणजे 'घालणे', हे क्रियापद वापरतात. इथला प्रश्न रक्त काढण्याचा आहे. दोन्हीकडे टोच एकच असली तरी एकीकडे शरीरात काही जाते आणि दुसरीकडे शरीरातून काही निघते, म्हणून भीतीही वेगळी असते.

रात्रपाळी : काकांच्या 'अजिबात दुखणार नाही' या वाक्याविषयी मला आवर्जून बोलायचे आहे, कारण मी स्वतः पहिली दोन वर्षे 'नो ले बा आ दोलेर' असेच म्हणत असे. सुई शिरताच रुग्णाला दुखते आणि त्या क्षणापासून माझे पुढचे एकही वाक्य त्याला खरे वाटत नाही. मग मी 'या कासी', म्हणजे 'झालेच', असे सांगितले तरी तो हात ओढतो. दुसरी नळी भरायची असताना हात ओढला गेला की सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून जाते, त्वचेखाली रक्त साचते आणि पुन्हा दुसऱ्या हाताला टोचावे लागते. काकांच्या सासूबाईंची सुई क्षणभराची आणि फार बारीक असते, त्यामुळे तिथे ते वाक्य निभावून जात असेल.

लॅबवाला : मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅब चालवतो. मला स्पॅनिश येत नाही, तरीही एका वाक्याबद्दल विचारतो. आमच्याकडे सर्रास 'मूठ उघड-मिट करा' असे सांगतात. तुम्हीही तसेच सांगत असाल तर ते बंद करावे, अशी विनंती आहे. पट्टा बांधलेला असताना मूठ चाळवली की स्नायूंमधून पोटॅशियम रक्तात येते, अहवालात ते वाढलेले दिसते आणि धडधाकट माणसाला पुन्हा बोलवावे लागते. पट्टाही एका मिनिटाहून जास्त ठेवू नये. घाबरलेल्या माणसाची समजूत घालण्यात ते मिनिट कधी संपते हे कळतच नाही, म्हणून सगळे बोलणे पट्टा बांधण्याच्या आधीच उरकावे.

रात्रपाळी : आपले म्हणणे अगदी योग्य आहे, आणि मी 'आब्रा ई सिएर्रे ला मानो' असेच सांगत होते, हे कबूल करते. आता 'सिएर्रे ला मानो, सिन मोबेर्ला', म्हणजे 'मूठ मिटा, हलवू नका', असे सांगेन. सुईतून रक्त येऊ लागले की 'आफ्लोखे ला मानो', मूठ सैल सोडा, हे दुसरे वाक्य लागते. 'आफ्लोखार' म्हणजे ताणलेली दोरी सैल करणे. या शब्दाने रुग्णाचे खांदेही खाली येतात, असे मी पाहिले आहे.

शब्दवेडा : मेक्सिकन लोक प्रत्येक नामाला 'इतो' किंवा 'इता' लावून बोलणे मऊ करतात, असे वाचले आहे. मग 'पिकेतितो' आणि 'सांग्रीता' असे म्हटले तर आणखी सौम्य होईल ना? आपल्या 'थोडेसे, जरासे' यांतील 'से' सारखेच ते दिसते.

स्पॅनिश शिक्षिका : 'पिकेतितो' चालेल आणि परिचारिका तसे म्हणतातही. 'सांग्रीता' मात्र टाळावे, कारण मेक्सिकोत तो टेकिलाबरोबर घोट-घोट घेण्याच्या एका तिखट लाल पेयाचा शब्द आहे. त्याऐवजी 'उन पोकीतो दे सांग्रे', थोडेसे रक्त, असे म्हणावे. आणखी एक सांगते. वाक्यात एकदा 'इतो' आला तर तो जिव्हाळा वाटतो, पण चार वेळा आला की सत्तरीच्या बाईंना आपल्याला बाळ समजत आहेत असे वाटते. तसेच वयस्कर रुग्णाला 'उस्तेद' म्हणजे आपले 'तुम्ही' हेच रूप वापरावे. स्पेनमध्ये परिचारिका आजीआजोबांनाही अनेकदा 'तू' म्हणतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही आपल्या 'तू'सारखेच असल्याने मराठी माणसाच्या तोंडून ते रूप सहज निघून जाते.

माद्रिदकर : इथे 'उस्तेद' म्हटले तर काही आजोबा 'मला म्हातारा समजता का' असे विचारतात. म्हणून हा नियम टेक्सासपुरता ठेवावा.

रात्रपाळी : काल त्याच आजी पुन्हा आल्या. या वेळी मी खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले आणि पट्टा ट्रेमध्येच ठेवून आधी विचारले, 'रक्त काढताना पूर्वी कधी से आ मारेआदो?' त्या 'हो' म्हणाल्या. 'मारेओ' हा शब्द समुद्रावरून, म्हणजे 'मार'वरून आलेला आहे आणि त्यात गरगरणेही येते आणि मळमळणेही येते, म्हणून मी हाताने डोके आणि पोट दाखवून नेमके काय होते ते विचारले. त्यांनी डोके दाखवले. मग त्यांना खुर्चीऐवजी खाटेवर आडवे केले. त्यांची खरी भीती सुईची नव्हतीच. एवढे रक्त गेले तर अशक्तपणा येईल असे त्यांना वाटत होते. दोन नळ्या मिळून साधारण 8 मिलिलिटर होतात, म्हणून मी 'मेनोस दे दोस कुचारादीतास', दोन लहान चमच्यांहूनही कमी, असे सांगितले आणि चहाचा चमचा दाखवला. तेव्हा कुठे त्यांनी बाही वर केली.

त्यानंतरची वाक्ये अशी होती. 'ले बोय आ आप्रेतार एल ब्रासो कोन ऊना लीगा', तुमचा दंड एका रबरी पट्ट्याने आवळते. स्पिरिट वाळेपर्यंत मी गप्प राहिले. मग 'बा आ सेन्तिर उन पिकेते' म्हटले आणि लगेच टोचले, मध्ये वेळ जाऊ दिला नाही. रक्त आल्यावर 'आफ्लोखे ला मानो' म्हटले आणि पट्टा सोडला. शेवटी कापसाची घडी देऊन 'आप्रिएते आकी, सिन दोब्लार एल ब्रासो', इथे दाबा, हात दुमडू नका, असे सांगितले. आजींनी मोजून तीन मिनिटे दाबून धरले आणि जाताना काळानिळा डाग दिसला नाही.

लॅबवाला : हात न दुमडण्याचे वाक्य घातले हे फार बरे झाले. कोपर दुमडले की दाब नेमका छिद्रावर राहत नाही आणि डाग तिथूनच सुरू होतो.

शब्दवेडा : 'शांत व्हा' यासाठी 'काल्मेसे' असा शब्द शब्दकोशात आहे. तो तुम्ही कुठेच वापरला नाही.

स्पॅनिश शिक्षिका : तो हुकूम आहे. आपल्याकडे 'शांत बसा' म्हटल्यावर जे वाटते तेच तिथेही वाटते. फारच गरज पडली तर 'त्रांकीला' एवढेच हळू म्हणावे. मला स्वतःला ताईंचे 'टोच जाणवेल' हे वाक्यही ऐन क्षणी नकोसे वाटते. ते आधीच सांगून ठेवावे आणि टोचताना फक्त 'रेस्पीरे', श्वास घ्या, म्हणावे, असे माझे मत आहे.

रात्रपाळी : मॅडम, न सांगता टोचले तर माझे रुग्ण दचकतात आणि हात हलतो, म्हणून इथे मी आपल्याशी सहमत नाही. मात्र एका शब्दावर मी अजून अडते. पहिल्या प्रयत्नात शीर सापडली नाही तर क्षमा कशी मागावी? 'लो सिएन्तो' म्हटले की रुग्ण घाबरून 'काय झाले?' असे विचारतात.

स्पॅनिश शिक्षिका : मेक्सिकोत 'ऊना दिस्कुल्पा' म्हणतात आणि लगेच 'बोय आ प्रोबार एन एल ओत्रो ब्रासो', दुसऱ्या हातावर पाहते, असे जोडतात. 'लो सिएन्तो' सांत्वनालाही वापरतात, त्यामुळे ते जड वाटत असावे.

माद्रिदकर : इथे 'ऊना दिस्कुल्पा' अर्धवट वाक्यासारखे ऐकू येते, आम्ही 'पेर्दोना' म्हणतो. पण माझी शीर दोनदा चुकली तेव्हा त्या परिचारिकेने काहीच न म्हणता नुसता माझा हात चोळला होता, आणि मला तेच बरे वाटले होते.