सिनेमात आरोपी कबूल झाला की केस संपते, खरंच असं असतं का?

अनिकेत_कोथरूड: परवा एक पोलिस तपासाचा सिनेमा बघितला. इन्स्पेक्टर दोन कानाखाली देतो, आरोपी रडत रडत सगळं ओकतो, मग कोयता काढून देतो आणि पाट्या पडायला लागतात. यातलं खरं किती आणि फेकाफेकी किती? कोणाला आतलं माहीत असेल तर सांगा, बायकोशी पैज लागलीय.

बुधवारातला_बंड्या: अरे बऱ्यापैकी खरंच आहे की. प्रसाद दिल्याशिवाय कोण बोलतं इथे? सिनेमावाले थोडं वाढवून दाखवतात एवढंच. कबूल झाला, हत्यार काढून दिलं, अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला.

काळाकोट_शिवाजीनगर: बंड्या, तुझी केस कोर्टात पहिल्याच दिवशी आडवी होईल. पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालतच नाही, आणि हे कोणी नवीन शोधून काढलेलं नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे, आणि १ जुलै २०२४ ला नवा साक्ष अधिनियम आला त्यातही तसंच ठेवलंय. का, तर कोठडीत माणूस काहीही कबूल करतो हे इंग्रजालाही कळत होतं. म्हणजे सिनेमातला जो सगळ्यात टाळ्या घेणारा सीन, तो न्यायाधीशाच्या हिशेबी शून्य.

सानिका_वि: पण मोक्कामध्ये चालते ना कबुली? मग सरसकट नाही कसं म्हणता

काळाकोट_शिवाजीनगर: बरोबर, मोक्कात चालते, १९९९ चा कायदा आहे तो. पण तिथे डीसीपी किंवा एसपीच्या खालचा अधिकारी चालत नाही, तपास करणाऱ्या पीएसआयने केबिनमध्ये दम देऊन लिहून घेतलं तर तिथेही उपयोग नाही. आणि मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारी, शेजाऱ्याशी भांडणातून झालेल्या खुनाला लागत नाही.

आता अनिकेत, तुझ्या कोयत्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. कबुली चालत नाही, पण आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमावरून कोर्टात अजून सगळे 'सत्तावीसचा पंचनामा'च म्हणतात, नव्या कायद्यात आकडा बदलला तरी. समज आरोपी म्हणाला, 'मी ज्या कोयत्याने त्याला मारलं तो कोयता कालव्याकडेच्या झुडपात दगडाखाली लपवलाय, चला दाखवतो.' यातलं 'ज्या कोयत्याने त्याला मारलं' हे गाळायचं. उरतं काय, तर कोयता अमुक जागी लपवलाय आणि दाखवतो. १९४६ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालात तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं, तिथे कोयत्याऐवजी भाला होता. म्हणजे सिद्ध एवढंच होतं की ती जागा त्याला माहीत होती. खून त्यानेच केला हे नाही. त्या कोयत्यावर मयताचं रक्त आहे का, ते वेगळं सिद्ध करायला लागतं.

मेडिकलवाला_सिंहगडरोड: पंचनाम्याचा विषय निघाला म्हणून बोलतो, मी झालोय पंच. दुकान बंद करत होतो तर दोन पोलिस आले, म्हणाले या जरा पाच मिनिटं, सही करायचीय. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली, एका पाकिटात काहीतरी होतं, नीट बघितलं पण नाही खोटं कशाला बोलू. मग काही वर्षांनी समन्स, तोपर्यंत आपण विसरून गेलेलो. वकील विचारतो आरोपीने पँट कुठल्या रंगाची घातली होती, कोण पुढे चालत होतं, मी काय सांगणार? सरकारी वकिलाने मला फितूर म्हणून टाकलं. दिवसाचा धंदा गेला तो वेगळाच. मला सांगा याची काही नुकसानभरपाई असते का?

काळाकोट_शिवाजीनगर: नुकसानभरपाई विसरा दादा, भत्ता मिळाला तर मिळाला. पण तुमचीच गोष्ट अनिकेतच्या प्रश्नाचं उत्तर आहे. केस इथेच मोडते. क्रम असा असायला हवा: पंच आधी पोलिस ठाण्यात हजर, त्यांच्यासमोर आरोपी बोलतो, तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दात लिहायचं, सह्या, मग सगळे गाडीत, आरोपी रस्ता दाखवतो, तोच वस्तू काढून देतो, जागेवरच कागदात गुंडाळून लाखेचं सील आणि पंचांच्या सहीचं लेबल. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक या खुनाच्या केसमध्ये नेमकं हेच पकडलं, पंचांसमोर ठाण्यात निवेदन नोंदवलंच नव्हतं, आरोपीचे नेमके शब्द नव्हते. जन्मठेप झालेला आरोपी सुटला.

आम्ही उलटतपासात काय बघतो ते सांगते. पंचनाम्यात लिहिलंय ठाण्यातून निघालो चार वाजता, आणि स्टेशन डायरीत गाडी साडेतीनलाच बाहेर. मग पोलिस आधी कुठे जाऊन आले? जागा त्यांना आधीच माहीत असेल तर आरोपीने 'शोधून दिलं' याला अर्थच राहत नाही. सिनेमात हा अर्धा तास कधी दिसलाय का?

फौजदार_निवृत्त: मॅडम, सगळं मान्य, पण तुम्ही सगळं घडून गेल्यावर बोलताय. मी नोकरीत असताना रात्री अकराला आरोपी म्हणायचा चला दाखवतो, सकाळपर्यंत थांबलं तर त्याचा भाऊ हत्यार उचलून नेणार. त्या वेळी प्रतिष्ठित पंच कुठून आणायचे? डॉक्टर दार उघडत नाही, प्राध्यापक म्हणतो तब्येत बरी नाही. मग येतो कोण, चहाच्या टपरीवरचा पोरगा, आणि तुम्हीच कोर्टात म्हणता हा तर पोलिसांचा नेहमीचा पंच. आता गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच घेतात ते बरं झालं, निदान फिरत नाहीत.

आणि सिनेमातलं मला खटकतं ते वेगळं. एकटा इन्स्पेक्टर सगळं करतो. अहो खरा तपास ठाण्यात कागद लिहिणारा रायटर करतो. निम्मा गुन्हा रायटरच्या अक्षरावर टिकतो. हत्यार सापडल्यावर साहेब ते हातात घेऊन उजेडात फिरवून बघतात सिनेमात, आमच्या वेळी असं केलं असतं तर साहेबांनाच मेमो. सील करून मुद्देमाल कारकुनाकडे जमा, पावती, मग पत्र घेऊन हवालदार गणेशखिंडच्या लॅबला. लॅबचा सीए रिपोर्ट लगेच हातात? विसरा. कधीकधी दोषारोपपत्र आधी जातं, सीए मागून, कारण खुनात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र नाही गेलं तर आरोपी जामिनाला मोकळा.

बुधवारातला_बंड्या: म्हणजे मारल्याशिवाय तो जागा सांगतो का फौजदारसाहेब? खरं सांगा

फौजदार_निवृत्त: काही सांगतात. मोबाईलचं लोकेशन, सीसीटीव्ही समोर ठेवलं की बरेच बोलतात. बाकी इथे लिहिणार नाही.

काळाकोट_शिवाजीनगर: बघा, हे 'लिहिणार नाही' मला न्यायाधीशासमोर फार कामाला येतं :) मारहाण वैद्यकीय तपासणीत दिसली की अख्खा पंचनामा संशयात जातो.

सानिका_वि: पण आता जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं झालंय ना २०२४ पासून, मग पंचांचं काम संपलंच की. मोबाईलवर शूट करा, दाखवा कोर्टात, फितूर व्हायचा प्रश्नच नाही.

काळाकोट_शिवाजीनगर: संपलं नाही. पंच अजून लागतातच. आणि कॅमेरा चालू व्हायच्या आधी आरोपीला कुठे फिरवून आणलं ते व्हिडिओत येत नाही.

फौजदार_निवृत्त: इथे मी सानिकाताईंच्या बाजूने. व्हिडिओने निम्मी भानगड मिटेल. तुम्हाला वकिलांना विषय उरणार नाही म्हणून नको वाटतंय.

काळाकोट_शिवाजीनगर: दोन-चार केसेस पूर्ण चालू देत, मग बोलू.

अनिकेत_कोथरूड: पैज हरलो असं दिसतंय, बायको म्हणत होती कबुलीला किंमत नसते. पण हत्यार काढून देतो तो सीन अर्धा खरा, एवढं तरी मिळालं मला.

मेडिकलवाला_सिंहगडरोड: माझं कोणी सांगितलंच नाही. पुढच्या वेळी आले तर नाही म्हणता येतं का?

काळाकोट_शिवाजीनगर: झडतीसाठी लेखी हुकूम हातात दिला आणि सबळ कारण नसताना गेला नाहीत तर तो गुन्हा आहे. नुसतं 'या जरा पाच मिनिटं' म्हणाले तर लेखी मागा. आणि गेलात तर न वाचता सही करू नका, पाकिटात काय आहे ते सील व्हायच्या आधी बघा.

फौजदार_निवृत्त: लेखी मागा म्हणे. रात्री अकराला.