मदत हवी आहे: आप्पांसाठी पावसाळ्यात टिकणारं कानाचं मशीन

पुणेरी_गुहागरकर: आप्पा ८१ वर्षांचे, गुहागरजवळ राहतात. मी पुण्यात. गेल्या वर्षी बारीक वायरीचं, रिसीव्हर म्हणजे छोटा स्पीकर कानात जाणारं चार्जिंगचं मशीन घेतलं. गणपतीपर्यंत दोन्ही कानांची मशीनं मुकी झाली. दुकान चिपळूणला, म्हणजे एस्टीने अख्खा दिवस. आता मशीन डबीत आणि बातम्या शेजारच्या वाडीपर्यंत. तपासणीत दोन्ही कानांचं ऐकणं साधारण ७० डेसिबलने कमी. विक्रेता म्हणतो, त्याच प्रकारातलं जास्त चॅनेलचं घ्या. घेऊ का?

नारळीपाक: घ्या. जास्त चॅनेल म्हणजे बोलणं स्पष्ट.

कर्णपिशाच्च: चॅनेलचा उपयोग असतो, पण ते ओल अडवत नाहीत. (बारा वर्षं हेच काम करतोय.) तुमच्या प्रकारात रिसीव्हर कानाच्या नळीतच बसतो, त्यामुळे मळ आणि घाम थेट त्याच्या तोंडाशी. ७० डेसिबल आणि किनाऱ्याची हवा, तर मी कानामागचं बीटीई आणि कानाचं माप घेऊन केलेला मोल्ड घेईन. त्यात रिसीव्हर मागच्या पेटीतच राहतो. मोल्ड नळीसकट मशीनपासून सोडवून धुता येतो, पण पूर्ण सुकवूनच परत जोडायचा. नळीत थेंब दिसले तर छोट्या रबरी फुग्याने हवा मारायची. मोल्ड सैल झाला की शिट्टी वाजते, तेव्हा आवाज कमी करत बसू नका, माप पुन्हा द्या.

नवीन घेण्याआधी एक करा. रिसीव्हरच्या टोकाला इवलीशी मळाची जाळी असते, ती बदलून बघा.

पुणेरी_गुहागरकर: जाळी असते हेच कुणी सांगितलं नव्हतं!

सासुरवाशीण_देवगड: आमच्या सासूबाईंचं सेलवालं. त्यांनी सहाही सेलचे स्टिकर एकदम काढून ठेवले, महिन्याभरात सगळे मेले. चार्जिंगचंच बरं.

कर्णपिशाच्च: स्टिकर निघाला की सेलमध्ये हवा शिरते आणि तो वापरला नाही तरी उतरू लागतो. एका वेळी एकच उघडायचा, मिनिटभर थांबून मग मशीनमध्ये घालायचा. चार्जिंग सोयीचं खरंच, पण तुमच्याकडे आषाढात लाईट दोन-दोन दिवस जाते ना? रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. दाणे रंग बदलतात, तेव्हा ते बदलायचे. आणि ट्रायल मागा, घरी न्यायची. दुकानातल्या शांततेत सगळीच मशीनं छान वाटतात.

नारळीपाक: एकाच कानाला घेतलं तर खर्च निम्मा.

कर्णपिशाच्च: खर्च निम्मा, पण चारजण बोलत असले की फरक कळतो. दोन्ही कान सारखेच गेले असतील तर दोन्हींना घ्या.

पुणेरी_गुहागरकर: रविवारी जाऊन आलो. जाळ्या बदलल्या. डावं सुरू झालं, उजवं मुकंच. मोल्डचं विचारलं तर आप्पा म्हणाले, "कानात बूच मारून घेऊ होय?" कुणी मऊ, सिलिकॉनचा मोल्ड वापरलाय का? म्हाताऱ्या माणसाला चालतो?